ग्रुप हेडमधली उलटी वाट : घरगुती एस्प्रेसो यंत्राचा बॅकफ्लश

एस्प्रेसोचा प्याला भरून पंप थांबला, की बहुतेक चांगल्या घरगुती यंत्रांतून ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि ड्रिप ट्रेमध्ये थोडे तपकिरी, गढूळ पाणी पडते. हे पाणी प्याल्यात उतरलेल्या कॉफीचे नसते. ते ज्या वाटेने आलेले असते तीच उलट धरून मागे गेलेले असते, आणि ग्रुप हेडच्या सफाईचा सगळा प्रश्न या मागे जाणाऱ्या पाण्यातून निर्माण होतो. ग्रुप हेड म्हणजे यंत्राच्या पुढच्या बाजूला असलेला, सहसा पितळेचा जाड भाग, ज्यात पोर्टाफिल्टर म्हणजे मूठ असलेली कॉफीची वाटी अडकवली जाते आणि ज्याच्या तळाशी असलेल्या चाळणीतून गरम पाणी कॉफीवर पडते. या चाळणीला शॉवर स्क्रीन म्हणतात, आणि पोर्टाफिल्टरच्या कडेतून पाणी बाहेर फुटू नये म्हणून चाळणीभोवती जे रबरी कडे बसवलेले असते त्याला गॅस्केट म्हणतात.

कॉफी उतरत असताना वाटीतल्या चोथ्यावर साधारण 9 बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे नऊपट, दाब असतो. पंप बंद केल्यावर हा दाब आपोआप नाहीसा होत नाही, कारण चोथा घट्ट दाबलेला असतो आणि त्यातून पाणी हळूहळूच खाली झिरपते. त्या अवस्थेत कोणी पोर्टाफिल्टर फिरवून काढला, तर उकळत्या चोथ्याचा फवारा हातावर उडेल. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी तीन तोंडांची झडप बसवली. तिचे एक तोंड बॉयलरकडे, दुसरे ग्रुपकडे आणि तिसरे सांडपाण्याच्या नळीकडे असते. पंप चालू असताना बॉयलर आणि ग्रुप जोडलेले राहतात. पंप थांबताच बॉयलरची बाजू बंद होते, ग्रुप सांडपाण्याच्या नळीशी जोडला जातो आणि कॉफीवरचे दाबलेले पाणी चाळणीतून वर चढून त्या नळीवाटे ट्रेमध्ये सुटते. चोथा कोरडा होऊन वडीसारखा निघतो तो यामुळेच.

या सोयीची किंमत मात्र असते. मागे जाणारे पाणी स्वच्छ नसून त्यात कॉफीची अतिशय बारीक भुकटी आणि दाबाखाली सुटलेले तेल असते. भाजलेल्या अरेबिका बियांत वजनाच्या सुमारे 15 टक्के, तर रोबस्टात सुमारे 10 टक्के तेल असते, आणि त्यातला छोटासा भाग प्रत्येक प्याल्यागणिक चाळणीच्या मागच्या बाजूला, ग्रुपमधल्या नळीत आणि झडपेच्या बैठकीवर चिकटून राहतो. ग्रुपचे तापमान दिवसभर 90 अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने हे तेल हवेशी संयोग पावून खवट होते आणि पुढे घट्ट होऊन तपकिरी, मेणचट थर बनतो. कढईच्या बाहेरून जे तेलाचे कीट बसते आणि नखानेही निघत नाही, तशाच जातीचा हा थर आहे. पुढचा प्याला काढताना ताजे पाणी त्यावरूनच वाहत येते. ही अवस्था ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. पोर्टाफिल्टर न लावता ग्रुपमधून थोडे पाणी एका पांढऱ्या कपात घ्यावे, ते जरा निवू द्यावे आणि मग त्याचा रंग पाहावा व वास घ्यावा. स्वच्छ ग्रुपचे पाणी नितळ आणि बिनवासाचे असते. मळलेल्या ग्रुपच्या पाण्याला फिकट चहासारखा रंग, तळाशी काळे कण आणि जुन्या राखेसारखा किंवा खवट शेंगदाण्यासारखा वास असतो. कॉफी बदलूनही प्याल्यात तोच कडू, जळका शेवट येत राहिला, तर दोष बियांत शोधण्याआधी हा कप भरून पाहणे शहाणपणाचे ठरते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चाळणी बाहेरून घासली किंवा ग्रुपमधून कितीही पाणी सोडले, तरी सांडपाण्याच्या वाटेला त्याचा स्पर्श होत नाही, कारण पुढे वाहणारे पाणी त्या वाटेने कधी जातच नाही. ती वाट फक्त उलट्या प्रवाहाने धुतली जाते, आणि तो प्रवाह हवा तेव्हा निर्माण करण्याची युक्ती म्हणजे बॅकफ्लश. पोर्टाफिल्टरमध्ये भोके नसलेली वाटी, जिला ब्लाइंड बास्केट म्हणतात, बसवायची, पंप सुरू करायचा, पाण्याला खाली वाट नसल्याने दाब चढू द्यायचा आणि मग पंप थांबवून ते सगळे पाणी एकदम मागे फिरवायचे. नुसत्या पाण्याने हे केले की सैल भुकटी वाहून जाते. वाटीत सफाईची पूड घातली की चिकटलेले तेलही सुटते. बाजारात मिळणाऱ्या पुडींत मुख्यतः सोडियम परकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट असतो. सोडा अल्कधर्मी असल्याने तेलाचे काही अंशी साबणात रूपांतर करून ते पाण्यात विरघळवतो आणि परकार्बोनेट गरम पाण्यात प्राणवायू सोडून तपकिरी थर उखडते, म्हणूनच ही पूड थंड यंत्रात फारशी काम करत नाही.

या पुडीने पाण्यातले क्षार निघत नाहीत, हे येथेच सांगितले पाहिजे. बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात, जसे महाराष्ट्रातल्या अनेक गृहनिर्माण संकुलांत घडते, बॉयलरमध्ये पांढरा कॅल्शियमचा थर बसतो आणि तो काढायला आम्लधर्मी द्रावण लागते. तेलाला अल्क, क्षाराला आम्ल, असा हा विभाग आहे. कोणी बॉयलर साफ करायचे आम्ल ब्लाइंड बास्केटमध्ये घालून बॅकफ्लश करू लागला, तर तेल जागच्या जागी राहते आणि पितळेच्या भागांना मात्र विनाकारण आम्ल लागते.

बॅकफ्लश कोणत्या यंत्रात करावा, याचे उत्तर वरच्या वर्णनात आले आहे : ज्यात तीन तोंडांची झडप आहे त्यातच. गॅजिया क्लासिक किंवा रॅन्चिलिओ सिल्व्हिया यांसारख्या घरगुती यंत्रांत ही झडप विजेवर चालते आणि तिला सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात. हाताने दांडा ओढून कॉफी काढण्याची ला पावोनीची पारंपरिक यंत्रे आणि स्वस्तातली बरीच छोटी यंत्रे यांत ती नसते. अशा यंत्रात ब्लाइंड बास्केट लावून दाब दिला, तर दाबाला सुटायला वाटच उरत नाही. तो पोर्टाफिल्टरमध्ये कोंडून राहतो आणि मूठ सैल करताच गरम पाणी बाहेर उसळते, शिवाय सफाई काहीच होत नाही. खूण अशी की, कॉफी काढल्यावर ट्रेमध्ये पाणी सुटत नसेल, चोथा नेहमी चिखलासारखा राहत असेल आणि मूठ फिरवताना फसफसत असेल, तर झडप नाही असे धरून माहितीपुस्तिका पाहावी. असे यंत्र साफ करायचे तर शॉवर स्क्रीन काढून धुणे एवढाच मार्ग आहे.

झडप असलेल्या यंत्रांत एक प्रकार असा आहे, ज्याच्याबाबत ‘जास्त सफाई म्हणजे जास्त चांगली’ हा नियम चालत नाही, आणि घरी एस्प्रेसो करणाऱ्यांचे सर्वाधिक मतभेद त्याच्याचविषयी असतात. तो प्रकार म्हणजे ई-61 ग्रुप. मिलानच्या फाएमा कंपनीचे एर्नेस्तो व्हालेन्ते यांनी 1961 साली हा ग्रुप बाजारात आणला; त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते आणि नावातला ‘ई’ त्या ग्रहणावरूनच आला आहे. त्याआधी दाब मिळवण्यासाठी दांड्याने स्प्रिंग ताणावी लागे. फाएमाने ते काम विजेच्या पंपाकडे दिले. कित्येक किलो वजनाचा, क्रोमचा मुलामा दिलेला हा पितळी ग्रुप रॉकेट, लेलित, ईसीएम, प्रोफिटेक, बेझेरा अशा अनेक कंपन्यांच्या घरगुती यंत्रांवर आजही बसवला जातो. त्याच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला असलेला छोटा दांडाच त्याची सगळी यंत्रणा चालवतो.

दांड्याच्या आतल्या टोकाला एक विषमगोल धुरा असते, तिला कॅम म्हणतात. दांडा वर नेला की कॅम फिरून वरची झडप उघडते, बॉयलरकडचे पाणी ग्रुपमध्ये येते आणि एक छोटा खटका दाबला जाऊन पंप सुरू होतो. दांडा मधल्या स्थितीत आणला की पंप थांबतो, पण ग्रुपमधले पाणी कोंडलेलेच राहते. दांडा पूर्ण खाली आणल्यावर वरची झडप बंद होते, खालची उघडते आणि ग्रुपच्या बुडाशी असलेल्या छोट्या नळीतून पाणी ट्रेमध्ये सुटते. सोलेनॉइड यंत्रात जे काम विजेचा चुंबक करतो ते येथे धातूवर धातू घासून होते, आणि म्हणून कॅम व झडपांचे दांडे यांना ग्रीसचे वंगण लागते. आता अडचण स्पष्ट होईल. तेल विरघळवणारी पूड हे कॉफीचे तेल आणि ते वंगणाचे ग्रीस असा भेद करत नाही. पुडीने वारंवार बॅकफ्लश केलेल्या ई-61 चा दांडा काही महिन्यांत जड होतो, मग वर-खाली करताना किरकिरतो, आणि तरीही दुर्लक्ष केले तर कॅम व झडपेचा दांडा एकमेकांना खाऊ लागतात.

यावरून एक धोरण निघते आणि ते येथे ठामपणे मांडण्यासारखे आहे : ई-61 ला पाण्याचा बॅकफ्लश सढळ हाताने द्यावा, पुडीचा मोजून द्यावा आणि पुडीनंतर दांड्याकडे लक्ष ठेवावे. सोलेनॉइड यंत्राला वंगणाची ही चिंता नाही, त्यामुळे तेथे पुडीचा हात थोडा सैल ठेवता येतो.

प्रत्यक्ष कृतीसाठी ई-61 ग्रुपचे एक यंत्र समोर आहे असे धरू. ग्रुप जड असल्याने तो आतपर्यंत तापायला अर्धा तास तरी द्यावा आणि ट्रे आधीच रिकामा करावा, कारण बॅकफ्लशमध्ये तो लवकर भरतो. सुरुवात पुडीने न करता ब्रशने करावी. गॅस्केट आणि चाळणी यांच्यामधल्या खाचेत कॉफीचे कण दडलेले असतात. मऊ नायलॉनचा वाकडा ब्रश त्या खाचेतून गोल फिरवावा, थोडे पाणी सोडावे आणि पुन्हा फिरवावा. हे कण न काढता पोर्टाफिल्टर आवळला, तर ते गॅस्केटमध्ये रुततात आणि तेथूनच पुढे पाणी पाझरू लागते. ब्रश करताना गरम पाणी मनगटावर ओघळते, म्हणून हात ग्रुपच्या खाली न धरता बाजूने न्यावा.

यानंतर ब्लाइंड बास्केटमध्ये सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा, पूड घालून पोर्टाफिल्टर नेहमीसारखा आवळावा. डब्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे. दांडा वर न्यावा. पाण्याला वाट नसल्याने काही सेकंदांत पंपाचा आवाज बसका होतो आणि दाबमापकाचा काटा 9 ते 10 बारपर्यंत चढून थांबतो. बहुतेक यंत्रांत त्यापुढचा दाब एक सुरक्षा झडप पाणी टाकीकडे वळवून सोडून देते, त्यामुळे दहा सेकंद पंप चालवण्यात धोका नाही. मात्र त्याहून जास्त वेळ तो विनाकारण राबवू नये. दहा सेकंदांनी दांडा एका दमात पूर्ण खाली आणावा. येथे नवख्यांची चूक होते ती दांडा मधेच थांबवण्याची : पंपाचा आवाज बंद झाल्याने काम झाले असे वाटते, पण खालची झडप उघडलेलीच नसते, दाब तसाच असतो आणि वरची झडप उघडी राहिल्याने साबणी पाणी बॉयलरच्या बाजूला जाण्याची शक्यता उरते. दांडा खरोखर खाली गेल्याची खूण म्हणजे बुडाच्या नळीतून सुटणारा जोरकस फवारा. तो पहिल्यांदा दाट तपकिरी आणि फेसाळ असतो.

मग दहा सेकंद थांबावे. ही विश्रांती अनेक जण टाळतात, परंतु पुडीचे काम नेमके या वेळात होते, कारण द्रावण झडपेच्या बैठकीवर आणि नळीत टिकून राहून थर सैल करते. पंप चालवणे आणि थांबणे असे पाच फेरे झाले, की पाचव्या फेऱ्याचा फेस पांढरट झालेला दिसतो. तो अजूनही गडद असेल तर आणखी पूड घेऊन पाच फेरे करणे योग्य, पण एका बैठकीत त्याहून पुढे जाऊ नये. दांडा खाली असल्याची खात्री करून पोर्टाफिल्टर काढावा, वाटी धुवावी, ग्रुपमधून मोकळे पाणी सोडून ब्रश पुन्हा एकदा फिरवावा, आणि मग नुसत्या पाण्याने किमान दहा फेरे करावेत. हे दहा फेरे पुडीच्या पाच फेऱ्यांहून महत्त्वाचे आहेत. फेस पूर्ण संपला, बोटांवर घेतलेले पाणी निसरडे लागेनासे झाले आणि पांढऱ्या कपातले पाणी बिनवासाचे झाले, म्हणजे अल्क धुऊन निघाला. शेवटी एक प्याला कॉफी काढून ती ओतून द्यावी. त्याने उरलासुरला अंश जातो आणि धातूवर कॉफीच्या तेलाचा पातळ हात पुन्हा फिरतो.

शॉवर स्क्रीन, बास्केट आणि पोर्टाफिल्टरचा धातूचा भाग त्याच वेळी गरम पाण्यात थोडी पूड घालून पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवता येतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ मात्र द्रावणाबाहेर राहिली पाहिजे. ई-61 मध्ये चाळणी गॅस्केटच्या पकडीनेच बसलेली असते, तिला स्क्रू नसतो, त्यामुळे ती काढायला चमच्याचे टोक कडेला घालून हळूहळू उचकटावी लागते आणि जुने कडक गॅस्केट त्यात बहुधा तुटते. म्हणून चाळणी काढण्याचा बेत आणि गॅस्केट बदलण्याचा बेत एकत्र केलेला बरा. सोलेनॉइड यंत्रांत ती मधल्या स्क्रूने बसवलेली असते आणि सहज निघते. येथे एक इशारा आवश्यक आहे. गॅजिया क्लासिकच्या जुन्या यंत्रांत चाळणीमागची पाणी पसरवणारी चकती ॲल्युमिनियमची असे, आणि ॲल्युमिनियम सोड्याच्या द्रावणात काळवंडते व झिजते. अशी चकती भिजत न ठेवता साध्या पाण्याने व ब्रशने साफ करावी, आणि पुडीचा बॅकफ्लशही मोजका ठेवावा.

पुडीच्या बॅकफ्लशनंतर दांड्याची चाचणी घ्यावी. तो पूर्वीइतकाच हलका आणि मूक असेल तर काही करण्याची गरज नाही. किरकिरला तर यंत्र बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे, दांडा वर-खाली करून उरलेला दाब सोडावा, मग दांड्याभोवतीचा मोठा नट पान्याने सोडवून कॅमसकट दांडा बाहेर काढावा, जुने काळे ग्रीस पुसावे आणि अन्नसंपर्कासाठी मान्य असलेले सिलिकोन ग्रीस पातळ हाताने लावावे. वाहनांचे किंवा शिलाई यंत्राचे तेल येथे चालत नाही. ते पोटात जाण्याजोगे नसते आणि खनिज तेलाने रबराच्या चकत्याही फुगतात. गरम यंत्राचा हा नट सोडवणे धोक्याचे आहे, कारण त्यामागे दाबाखालचे पाणी असू शकते.

आता वारंवारतेचा प्रश्न. उपाहारगृहांत पुडीचा बॅकफ्लश रोज रात्री करतात आणि तो नियम अनेक जण जसाच्या तसा घरी आणतात. तेथे एका ग्रुपमधून दिवसाला शंभर-दोनशे प्याले निघतात, घरी चार. मळ प्याल्यांवर अवलंबून असल्याने मोजणी दिवसांऐवजी प्याल्यांनी करणे तर्काला धरून आहे, आणि काही उत्पादकांनी तेच केले आहे : ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्सप्रेस या यंत्रात दोनशे प्याले झाल्यावर सफाईची सूचना देणारा दिवा लागतो. सोलेनॉइड यंत्रासाठी हा आकडा चांगला आधार आहे. दोघांच्या घरात सकाळ-संध्याकाळ मिळून रोज चार प्याले होत असतील, तर आठवड्याला 28 आणि पन्नास दिवसांत 200 होतात. म्हणजे पुडीचा बॅकफ्लश सुमारे दीड महिन्याने एकदा पुरतो. त्याच घरात ई-61 असेल, तर वंगणाचा विचार करून ही मुदत दोन ते अडीच महिन्यांपर्यंत लांबवावी आणि मधल्या काळात दर आठवड्याला नुसत्या पाण्याने पाच-सहा फेरे करावेत. रोजचे काम याहून लहान आहे : प्याला काढल्यावर चोथा टाकून दोन-तीन सेकंद पाणी सोडणे, चाळणी ओल्या फडक्याने पुसणे आणि दिवसाच्या शेवटी ब्रश फिरवणे. हे लहान काम नेटाने झाले, तर पुडीच्या फेऱ्यांतून निघणारे पाणी किती फिके असते हे पाहून त्याचा उपयोग कळतो.

प्याल्यांची मोजणी दोन ठिकाणी अपुरी पडते. पहिले ठिकाण भाजणीचे. गडद भाजलेल्या बियांच्या पृष्ठभागावर तेल आलेले दिसते, त्या हाताला तेलकट लागतात, आणि अशी कॉफी वापरणाऱ्याने मुदत जवळपास अर्ध्यावर आणावी; फिकट भाजणीची कोरडी कॉफी वापरणाऱ्याला ती थोडी वाढवता येते. दुसरे ठिकाण सुट्टीपुरते यंत्र वापरणाऱ्या घराचे. आठवड्याला सहा प्याले काढणाऱ्याचे दोनशे प्याले व्हायला तेहतीस आठवडे लागतील, परंतु तेलाला खवट व्हायला प्याल्यांची गरज नसते, नुसता काळ पुरतो. म्हणून प्याले कितीही कमी असले, तरी तीन महिन्यांपलीकडे पुडीचा बॅकफ्लश लांबवू नये, आणि यंत्र प्रवासामुळे आठ-पंधरा दिवस बंद राहणार असेल तर निघण्यापूर्वी तो उरकून घ्यावा.

बॅकफ्लश करताना यंत्र स्वतःविषयी बरेच सांगत असते, आणि म्हणून त्या दहा सेकंदांत काट्याकडे आणि नळीकडे पाहण्याची सवय उपयोगी आहे. समजा, नेहमी 9.5 बारला थांबणारा काटा या वेळी 7 वरच अडला आणि दांडा वर असतानाच बुडाच्या नळीतून पाणी थेंबथेंब येत राहिले. याचा अर्थ खालची झडप नीट बसत नाही, बहुधा तिच्या बैठकीवर कॉफीचा कण अडकला आहे, आणि कॉफी काढतानाही दाबाचा काही भाग तेथून निसटत असणार. म्हणजे प्याला पातळ उतरतो म्हणून दळण बारीक करत बसलेल्या माणसाचा रोख चुकलेला असतो. पाण्याचे पाच-सहा जोरकस फेरे केल्यावर थेंब थांबले तर कणच होता असे समजावे. थांबले नाहीत, तर झडपेची रबरी चकती झिजली आहे आणि ती बदलावीच लागेल. दांडा खाली असताना, यंत्र नुसते उभे असताना चाळणीतून पाणी ठिबकत असेल, तर दोष वरच्या झडपेकडे आहे, तेथे बहुधा क्षाराचा कण असतो, आणि त्यावर बॅकफ्लशचा उपाय चालत नाही. पाणी पोर्टाफिल्टरच्या कडेने वर येत असेल तर गॅस्केट कडक झाले आहे. याची आणखी एक खूण म्हणजे आवळलेली मूठ पूर्वी जेथे थांबायची त्याच्या बरीच उजवीकडे जाऊ लागते. घरगुती वापरात गॅस्केट वर्षातून एकदा बदलले की पुरते.

सोलेनॉइड यंत्रात हीच लक्षणे थोड्या वेगळ्या रूपात दिसतात. पंप थांबल्यावर ‘फुस्स’ आवाज मंद झाला किंवा उशिरा येऊ लागला, चोथा पुन्हा ओला निघू लागला, मूठ काढताना शिंतोडे उडू लागले, म्हणजे सांडपाण्याची वाट अरुंद झाली आहे. वेळेत पुडीचा बॅकफ्लश दिला तर आवाज परत येतो. वाट पूर्ण बुजल्यावर मात्र बॅकफ्लश करायला पाण्याला मागे फिरण्याची जागाच राहत नाही, आणि तशा अवस्थेत ब्लाइंड बास्केट लावणे धोक्याचे ठरते, कारण कोंडलेला दाब मूठ सैल करणाऱ्याच्या हाताकडे येतो. वर्षानुवर्षे साफ न केलेले जुने यंत्र कोणी विकत घेतले, तर पहिल्या दिवशी पुडीचा डबा न उघडता चोथ्याची आणि ‘फुस्स’ आवाजाची परीक्षा घ्यावी. आवाज येत नसेल, तर यंत्र बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर सोलेनॉइडची गुंडाळी उतरवावी, आतला छोटा दट्ट्या आणि त्याची स्प्रिंग बाहेर घ्यावी, बारीक छिद्रातला काळा थर लाकडी काडीने काढावा, रबराची टोपी खड्डा पडलेली दिसली तर दट्ट्याच बदलावा, आणि हे सगळे पुन्हा बसवून साध्या पाण्याचे फेरे मोकळे जाऊ लागल्यावरच पुडीकडे वळावे.